दोन परीक्षांतले नंबर किती टिकतात? स्पिअरमनच्या गुणांकाने वर्गाचा निकाल कसा तपासावा

निकाल लागला की खान्देशात गावोगाव पहिला प्रश्न एकच असतो, ‘पोऱ्याना कितवा नंबर उना?’ त्या नंबरवरून मग बरंच काही ठरतं: कोणाला स्पर्धा परीक्षेला बसवायचं, कोणाला जादा तासाला थांबवायचं, कोणाच्या पालकांना बोलवायचं. पण ऑक्टोबरमध्ये सातवा आलेला मुलगा जानेवारीत अकरावा आला, तर तो खरंच घसरला की नंबरच तेवढे डळमळीत होते, हे एकट्याच्या निकालावरून कळत नाही. त्यासाठी पूर्ण वर्गाचे दोन्ही परीक्षांतले नंबर शेजारी ठेवून त्यांचा मेळ मोजावा लागतो. चार्ल्स स्पिअरमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली सहसंबंध मोजण्यावर जो निबंध लिहिला, त्यातून ही रीत रूढ झाली. बी.एड.ला ती बहुतेकांनी केलेली असते. पण तिथली उदाहरणं इतकी स्वच्छ असतात की प्रत्यक्ष निकालपत्रक समोर आलं की अडायला होतं. म्हणून इथे गैरहजर मुलगा आणि सारखे गुण, दोन्ही असलेलं उदाहरण घेऊ.

समजा, अमळनेर किंवा शहाद्याकडच्या एका माध्यमिक शाळेतली दहावीची छोटी तुकडी आहे. १२ मुलं, ६ विषय, एकूण ६०० गुण. दिवाळीआधीची प्रथम सत्र परीक्षा आणि जानेवारीतली सराव परीक्षा, अशा दोन परीक्षांचे एकूण गुण हातात आहेत. आकडे नमुन्यादाखल तयार केलेले आहेत, पण निकालपत्रकात दिसतात तसेच.

नंबर लावणे

निकालपत्रकावर छापलेले नंबर उचलू नका, गुणांवरून स्वतः लावा. छापील नंबरांत दोन भानगडी असतात. अनेक ठिकाणी एका विषयात नापास झालेल्याला नंबरच देत नाहीत, त्यामुळे खालची मुलं यादीतून गायब होतात. शिवाय दोघांना सारखे गुण पडले तर दोघांना सहावा नंबर देऊन पुढच्याला लगेच सातवा देतात. बक्षीस समारंभाला हे चालतं, गणिताला चालत नाही.

गणितासाठी नियम असा, की सारखे गुण असलेल्यांनी जितक्या जागा अडवल्या, त्यांची सरासरी प्रत्येकाला द्यायची. प्रथम सत्रात हजेरी क्रमांक ६ आणि ९ या दोघांना ३६७ गुण आहेत. त्यांच्या वर पाच मुलं आहेत, म्हणजे या दोघांनी सहावी आणि सातवी जागा घेतली. दोघांनाही ६.५ द्यायचा आणि पुढच्याला थेट ८. तिघे सारखे असते आणि त्यांनी ६, ७, ८ या जागा घेतल्या असत्या, तर तिघांनाही ७ मिळाला असता.

| हजेरी क्र. | प्रथम सत्र | सराव | नंबर १ | नंबर २ | फरक | फरकाचा वर्ग |
|---|---|---|---|---|---|---|
| १ | ४१२ | ४२८ | ४ | ३ | १ | १ |
| २ | ३५५ | ३४१ | ८ | ८.५ | −०.५ | ०.२५ |
| ३ | ४९८ | ४८७ | १ | १ | ० | ० |
| ४ | ३०१ | ३२२ | ११ | १० | १ | १ |
| ५ | ३८८ | ३९५ | ५ | ४ | १ | १ |
| ६ | ३६७ | ३४१ | ६.५ | ८.५ | −२ | ४ |
| ७ | ४५५ | ३०१ | ३ | ११ | −८ | ६४ |
| ८ | ३४२ | ३६३ | ९ | ६ | ३ | ९ |
| ९ | ३६७ | ३७४ | ६.५ | ५ | १.५ | २.२५ |
| १० | ४७० | ४७६ | २ | २ | ० | ० |
| ११ | २८९ | २६६ | १२ | १२ | ० | ० |
| १२ | ३२६ | ३५० | १० | ७ | ३ | ९ |

पुढे जाण्याआधी दोन बेरजा करून बघा. नंबरांच्या प्रत्येक रकान्याची बेरीज n(n+1)/2 यायला हवी. १२ मुलांसाठी ७८. आणि फरकाच्या रकान्याची बेरीज बरोबर शून्य यायला हवी. दोन्ही तपासा, कारण एकीला न सापडणारी चूक दुसरी पकडते. उदाहरणार्थ, सारख्या गुणांच्या जोड्यांना ६.५ आणि ८.५ ऐवजी ६ आणि ८ दिले, तर दोन्ही रकान्यांची बेरीज ७७ होते, पण फरकांची बेरीज शून्यच राहते. फक्त फरक तपासणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही.

गुणांक काढणे

फरकांच्या वर्गांची बेरीज आली ९१.५. पाठ्यपुस्तकातलं सूत्र असं आहे:

```
rho = 1 - 6*Σd² / (n*(n² - 1))
    = 1 - 6*91.5 / (12*143)
    = 1 - 549/1716
    = 0.680
```

या आकड्याला ‘रो’ म्हणतात. दोन्ही परीक्षांत क्रम अगदी तोच राहिला तर रो १ येतो, क्रम पूर्ण उलटा झाला तर −१, आणि दोन क्रमांचा एकमेकांशी काही संबंध नसेल तर शून्याच्या आसपास.

हे सूत्र काटेकोरपणे खरं ठरतं ते कोणाचेच गुण सारखे नसताना. सारखे गुण असतील तर बिनचूक रीत म्हणजे नंबरांच्या दोन रकान्यांवर नेहमीचा सहसंबंध गुणांक काढणे. एक्सेल, लिबरऑफिस आणि गूगल शीट्स तिन्हींत हीच सूत्रं चालतात. A मध्ये हजेरी क्रमांक, B आणि C मध्ये गुण, D आणि E मध्ये नंबर असं मांडा:

```
D2:  =RANK.AVG(B2,B$2:B$13,0)
E2:  =RANK.AVG(C2,C$2:C$13,0)
F2:  =D2-E2
G2:  =F2^2

=CORREL(D2:D13,E2:E13)
```

पहिली चार सूत्रं तेराव्या ओळीपर्यंत खाली ओढा. उत्तर ०.६७९ येतं. वरच्या ०.६८० पेक्षा फरक नगण्य आहे, कारण प्रत्येक परीक्षेत सारख्या गुणांची एकच जोडी आहे. पण गुणांऐवजी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी घेतल्या, की निम्मा वर्ग एकाच श्रेणीत बसतो आणि दोन उत्तरांतली तफावत वाढते. तेव्हा CORREL चीच सवय ठेवावी. वर्गांची बेरीज मात्र डोळ्यांसमोर असू द्यावी. ती कशाला, ते पुढे येतंच.

शीटमध्ये तीन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. पहिला म्हणजे $ विसरणे. मग सूत्र खाली ओढताना गुणांची पट्टीही खाली सरकते आणि शेवटच्या ओळीतल्या मुलाची तुलना फक्त स्वतःशीच होते. ओळखायची खूण सोपी आहे: यादीतल्या शेवटच्या मुलाचा नंबर दोन्ही परीक्षांत १ दिसतो. दुसरा घोटाळा, एका रकान्यात शेवटी 0 आणि दुसऱ्यात 1 लिहिणे. 0 ने जास्त गुणांना पहिला नंबर मिळतो, 1 ने कमी गुणांना. असं झालं की आकडा तोच, पण उणे येतो: −०.६७९. वर्गाच्या निकालात ठसठशीत उणे रो दिसला तर मुलं उलटीपालटी झाली असं समजण्याआधी हे शेवटचे अंक पाहा.

तिसरा सर्वांत घातक, कारण तो खूण ठेवत नाही. दोन परीक्षांची यादी वेगवेगळ्या शिक्षकांकडून येते. एक हजेरी क्रमांकाने लावलेली, दुसरी गुणांच्या उतरत्या क्रमाने. ती तशीच शेजारी चिकटवली की एकाच्या गुणांसमोर दुसऱ्याचे गुण येतात. दोन्ही बेरजा बरोबर येतात, गुणांकही निघतो, फक्त त्याला काही अर्थ नसतो. म्हणून हजेरी क्रमांक दोन्ही याद्यांसोबत आणायचा आणि चिकटवल्यावर दोन्ही हजेरी क्रमांकांचे रकाने ओळीओळीने जुळतात का ते बघायचं. नावांवर जुळवू नका. एकाच तुकडीत आडनाव आणि नाव दोन्ही सारखी असलेली दोन मुलं आपल्याकडे सहज सापडतात.

क्रमांक ७ चं काय करायचं?

रो ०.६८ बघून ‘या वर्गातले नंबर काही फार टिकाऊ नाहीत’ असं म्हणावंसं वाटेल. त्याआधी वर्गांचा रकाना पुन्हा बघा. ९१.५ पैकी ६४ एकट्या क्रमांक ७ चे आहेत, म्हणजे ७० टक्के. फरकाचा वर्ग होतो म्हणून आठ जागा सरकलेला एक मुलगा एकेक जागा सरकलेल्या ६४ मुलांइतका भारी पडतो. रो कमी आला की पहिली नजर इथे टाकायची: बेरीज पसरलेली आहे की एक-दोन ओळींतच साचली आहे?

ओळ सापडली की मूळ निकालपत्रकावर जायचं. समजा, क्रमांक ७ सराव परीक्षेत दोन पेपरांना गैरहजर होता आणि एकूण करताना त्या दोन्ही पेपरांचे शून्य धरले गेले. मग ३०१ हे गुण ६०० पैकी नसून ४०० पैकी आहेत, म्हणजे ७५ टक्के. प्रथम सत्रात ६०० पैकी ४५५, म्हणजे तेही जवळपास ७६ टक्के. मुलगा होता तिथेच आहे. सरकलं ते शून्य. आपल्या भागात कापूस वेचणीचे दिवस किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबं यांमुळे एखाद-दुसरा पेपर बुडण्याचे प्रकार होतात, तेव्हा प्रत्येक शून्य खरं आहे की गैरहजेरीचं, हे आधीच विचारून घ्यावं.

गैरहजेरी असेल तर दोन मार्ग आहेत. एक, त्या मुलाला दोन्ही परीक्षांतून वगळणे. दुसरा, त्याने न दिलेले दोन विषय सगळ्या वर्गासाठी, दोन्ही परीक्षांतून वगळून चार विषयांच्या बेरजेवर नंबर लावणे. गैरहजर एखादाच असेल तर पहिला मार्ग सुटसुटीत. चार-पाच जण असतील आणि विषय तेच असतील तर दुसरा बरा, नाहीतर वर्गच हातातून जातो. फक्त त्याच्या एकट्याच्या ३०१ ला ४५१ करून घालणं मात्र टाळावं. राहिलेले दोन पेपर अवघड होते की सोपे, हे त्या त्रैराशिकाला माहीत नसतं.

वगळल्यावर नंबर पुन्हा लावायला विसरू नका. नुसती ओळ खोडून जुनेच नंबर ठेवले तर वर्गांची बेरीज २७.५ उरते आणि ११ मुलांसाठी सूत्राने रो ०.८७५ येतो. तो चुकीचा आहे. नंबर १ च्या रकान्यात आता तिसरा कोणीच नाही आणि फरकांची बेरीज शून्याऐवजी ८ येते. तपासणीने लगेच हाक दिली असती. शीटमधून ओळ पूर्ण काढून टाकली तर RANK.AVG नंबर आपोआप नव्याने लावतो. तसे लावले की वर्गांची बेरीज १९.५ होते आणि रो ०.९११.

०.६८ चा ०.९१ झाला, तोही एका मुलामुळे. पण म्हणून अडचणीची ओळ दिसली की खोडायची, असा याचा अर्थ नाही. क्रमांक ७ ने सहाही पेपर दिले असते आणि खरंच ३०१ पडले असते, तर ती ओळ राहायला हवी आणि उत्तर ०.६८ च सांगायला हवं. फार तर सोबत लिहावं की ‘एका विद्यार्थ्याच्या मोठ्या घसरणीमुळे गुणांक उतरला, त्याच्याविना ०.९१’. वगळण्याचं कारण गुणांक काढण्याआधी लिहून ठेवता आलं पाहिजे.

०.९१ म्हणजे किती?

पुस्तकाच्या मागचा तक्ता उघडला तर १२ जणांसाठी ५ टक्के पातळीला सुमारे ०.५९ पेक्षा जास्त रो ‘सार्थ’ मानला जातो असं दिसेल. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. तो तक्ता ‘दोन क्रमांत काहीतरी संबंध आहे का’ एवढंच विचारतो, आणि एकाच वर्गाच्या दोन परीक्षांत संबंध असणारच, त्यात कोणाला शंका नसते. आपल्याला हवा आहे तो मेळ किती, आणि तो आकडा किती ढिला. ढिलेपणा असा काढता येतो (गुणांक J1 मध्ये, मुलांची संख्या J2 मध्ये):

```
=FISHERINV(FISHER(J1)-1.96*SQRT(1.06/(J2-3)))
=FISHERINV(FISHER(J1)+1.96*SQRT(1.06/(J2-3)))
```

रो ०.६८ आणि मुलं १२ असतील तर ही ९५ टक्क्यांची पट्टी साधारण ०.१५ ते ०.९१ एवढी रुंद येते. तोच ०.६८ साठ मुलांच्या वर्गात आला तर ०.५१ ते ०.८०. डझनभर मुलांवरून ‘अ तुकडीचे नंबर ब तुकडीपेक्षा स्थिर’ असं म्हणायला जाऊ नये, त्याचं कारण हेच. साठच्या पटाची तुकडी असेल तर पूर्ण साठ घ्या.

दुसरी मर्यादा परीक्षेचीच असते. एकाच पेपरातल्या विषम क्रमांकाच्या प्रश्नांचे गुण एकीकडे आणि सम प्रश्नांचे दुसरीकडे करून त्यांचा CORREL काढला, आणि समजा तो ०.८० आला, तर पूर्ण पेपरचा भरवसा स्पिअरमन-ब्राऊन सूत्राने २ × ०.८० ÷ १.८० = ०.८९ निघतो. दोन्ही पेपर याच दर्जाचे असतील, तर मुलांत काहीच बदल झाला नाही तरी त्यांच्यातला मेळ साधारण ०.८९ च्या वर जाण्याची अपेक्षा धरता येत नाही. अशा विषयात रो ०.८५ आला तर मुलं बदलली असं म्हणण्यापेक्षा पेपर एवढंच मोजू शकतो असं म्हणणं जास्त बरोबर. ही पडताळणी एका विषयाच्या पेपरवर करा, सहा विषयांच्या बेरजेवर नाही.

रो काय बघत नाही हेही लक्षात असू द्या. सराव परीक्षेत प्रत्येकाचे ४० गुण वाढले किंवा प्रत्येकाचे ४० घटले, तरी रो १ च. वर्ग सुधारला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला सरासरी लागते.

मधली गर्दी

०.९११ आलेल्या त्या ११ मुलांचे नवे नंबर लावून बघितलं तर एक गोष्ट दिसते. पहिले चार जागचे हलले नाहीत, शेवटचे दोनही नाहीत. वर्गांची सगळीच्या सगळी १९.५ बेरीज हजेरी क्रमांक २, ६, ८, ९ आणि १२ या पाच जणांची आहे. प्रथम सत्रात हे सगळे ३२६ ते ३६७ च्या दरम्यान होते, म्हणजे ६०० पैकी ४१ गुणांत पाच जण. तिथे एका पेपरात सात-आठ गुण इकडेतिकडे झाले की नंबर बदलतो. वरच्या बाजूला ४९८, ४७०, ४१२ असे ऐसपैस अंतर आहे. तिथे वीस गुण घसरले तरी नंबर तोच राहतो. त्या पाच जणांत हजेरी क्रमांक ४ धरून सहा जणांचाच वेगळा रो काढला तर तो ०.४३ येतो. म्हणजे पूर्ण वर्गाचा चांगला आकडा मुख्यतः वरचे वर आणि खालचे खाली राहिले म्हणून आलेला आहे.

‘फक्त पहिल्या दहात आलेल्यांचे नंबर किती टिकले ते बघू’ असं केलं की गुणांक धाडकन खाली येतो, तोही याच कारणाने. वर्गाचा एक तुकडा कापून घेतला की अंतरं लहान होतात आणि उरतो तो बहुतेक गोंधळच. वर्गाचा रो आणि पहिल्या दहांचा रो यांची तुलना करून काही ठरवू नका.

याचा फटका याद्यांना बसतो. समजा जादा तासासाठी शेवटचे चार निवडायचे आहेत. प्रथम सत्रावरून ते ८, १२, ४ आणि ११. सराव परीक्षेवरून ते २, ६, ४ आणि ११. रो ०.९१ असूनही चारपैकी दोनच नावं सामाईक, कारण रेघ बरोबर गर्दीतून गेली आहे: प्रथम सत्रात ३४२ आत आणि ३५५ बाहेर, सराव परीक्षेत ३४१ आत आणि ३५० बाहेर. अशा वेळी एका परीक्षेच्या नंबरवर रेघ मारण्यापेक्षा दोन्हींपैकी कोणत्याही यादीत आलेले सहाही जण घ्यावेत. सहांना जागाच नसेल तर दोन परीक्षांच्या गुणांची बेरीज करून चार निवडावेत. इथे तसं केलं तर ११, ४, १२ ही तीन नावं सरळ लागतात (५५५, ६२३, ६७६) आणि चौथ्या जागेसाठी २ चे ६९६, ८ चे ७०५ आणि ६ चे ७०८ समोर येतात. १२०० पैकी १२ गुणांत तिघं. इथे नंबरवर भांडण्यात अर्थ नाही. त्या तिघांच्या उत्तरपत्रिका काढून कोणाचं कुठे अडतंय ते बघावं.